रजिस्ट्रेशनच्या दिवसाचा निरोप: विकणारे, घेणारे आणि साक्षीदार यांना नक्की काय कळवावं?

अनघा_कोथरूड

येत्या सोमवारी आमच्या फ्लॅटच्या साठेखताची नोंदणी आहे. रीसेल आहे, पुणे मनपा हद्दीत. विकणारे काका-काकू नाशिकला राहतात. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि काका ७८ वर्षांचे आहेत. घेणारे मी आणि नवरा. माझी मैत्रीण आणि काकांचे पुण्यातले जुने शेजारी असे दोन साक्षीदार आहेत. किंमत ६२ लाख ठरली आहे. १२ लाख आम्ही स्वतःचे देतोय, बाकीचं कर्ज.

एजंटने ग्रुपवर टाकलेला निरोप असा:

"सोमवारी ११.३० रजिस्ट्रेशन. सर्वांनी वेळेवर यावे. आधार पॅन फोटो व सर्व ओरिजनल पेपर आणावे."

हा वाचून काकूंचा फोन आला, "अगं, सगळे मूळ कागद आणायचे म्हणजे तुमच्या ताब्यात द्यायचे का? पैसे तर अजून यायचेत." शेजारच्या काकांना वाटलं त्यांनाही फ्लॅटचे काही कागद लागतील. मैत्रीण विचारते ११.३० ला पोचायचं की आधी. एवढ्याशा निरोपावरून तिघांचे तीन गैरसमज झाले. त्यामुळे निरोप मीच नीट लिहून पाठवणार आहे. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा, त्यात काय असायलाच हवं?

प्रथमेश७

आम्ही भाडेकरार केला तेव्हा कुठेच जावं लागलं नव्हतं. एजंट घरी मशीन घेऊन आला, सगळ्यांचे अंगठे घेतले, साक्षीदारही घरातलेच. अर्ध्या तासात काम झालं. तुम्हीही तसंच करून घ्या ना, नाशिकवरून म्हाताऱ्या माणसांना कशाला बोलावता?

अनघा_कोथरूड

प्रथमेश, तो लिव्ह अँड लायसन्सचा करार. हे रीसेल फ्लॅटचं साठेखत आहे, वकील म्हणाले ऑफिसला जावंच लागेल.

दस्तवाला

अनघाताई, मी एका वकिलांकडे दस्तनोंदणीचंच काम बघतो, दुय्यम निबंधक कार्यालयात माझं रोजचं जाणं-येणं असतं. निरोप स्वतः लिहिताय हे फार चांगलं करताय. नोंदणीच्या दिवशी कामं अडतात ती कायद्याच्या मोठ्या मुद्द्यावर क्वचितच. कुणीतरी चुकीच्या जागी पोचतं, कुणाकडे मूळ ओळखपत्र नसतं, नाहीतर दस्तातलं नाव कार्डावरच्या नावाशी जुळत नाही. ही तिन्ही कारणं निरोपातून टळू शकतात.

पहिली जागा. नुसतं "रजिस्ट्रेशन ऑफिस" लिहू नका. पुण्यात हवेली क्रमांक अमुक, हवेली क्रमांक तमुक अशी दोन डझनांहून जास्त कार्यालयं आहेत आणि ती शहरभर विखुरलेली आहेत. तुमची वेळ ई-स्टेप-इनवर, म्हणजे नोंदणीची वेळ ऑनलाइन घ्यायच्या सोयीवर, ज्या क्रमांकाच्या कार्यालयात घेतली आहे, तिथेच जायचं. कार्यालयाचा क्रमांक, इमारतीचं नाव, मजला, जवळची खूण आणि नकाशाची लिंक, एवढं सगळं द्या. वकिलांनी वेळ घेतल्याची पावती दिली असेल, क्रमांक तिच्यावरूनच उतरवा. एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. एकाच इमारतीत दोन कार्यालयं असतात तिथे तर लोक शेजारच्या रांगेत बसून राहिलेले मी पाहिलेत.

दुसरी वेळ. ११.३० ही दस्त सादर करायची वेळ झाली. त्याआधी वकील शेवटचा ड्राफ्ट दाखवणार, पानापानावर सह्या होणार, फोटो चिकटवणार, ओळखपत्रांच्या प्रती लागणार. लिहून देणारे दोन आणि लिहून घेणारे दोन असतील तर पन्नास-साठ पानांवर सह्यांनाच पाऊण तास जातो. त्यामुळे निरोपात दोन वेळा वेगळ्या लिहा. चौघांनी १० वाजता, साक्षीदारांनी ११ वाजता. साक्षीदार तुमच्यावर उपकार म्हणून येतात, त्यांना तासभर आधी बोलावून बसवून ठेवू नका. आणि दुपारी दोन-अडीचपर्यंतचा वेळ मोकळा ठेवा असं स्पष्ट लिहा. सर्व्हर अडकला तर टोकन पुढे सरकतं आणि साक्षीदार "मला एकला मीटिंग आहे" म्हणून निघाला की सगळे थांबतात.

सदाशिव_पेठ_६५

वेळेचं पटलं. पण स्टॅम्प ड्युटीचं घाबरू नका. ती तिथे गेल्यावर कार्डाने भरता येते, मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. आधी भरून व्यवहार फिसकटला तर पैसे अडकतात. आणि सोसायटीची एनओसी मात्र निरोपात ठळक लिहा. त्याशिवाय निबंधक दस्त हातात घेत नाही.

दस्तवाला

काका, मुद्रांक शुल्क ऐनवेळी भरायचं ठरवणं धोक्याचं आहे. इथे ते ऑनलाइन ई-चलनाने आधी भरतात. चलनावर पक्षकारांची नावं, मिळकतीचं वर्णन आणि रक्कम असते, त्याचा क्रमांक डेटा एंट्रीत जातो आणि नोंदणीच्या वेळी ते चलन डिफेस होतं, म्हणजे पुन्हा वापरता येत नाही. शिवाय महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे शुल्क सही करण्याआधी, सहीच्या दिवशी किंवा फार तर त्याच्या लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरलेलं असायला हवं. म्हणून चलन हातात आल्याशिवाय सह्या करायच्या नाहीत. व्यवहार फिसकटण्याची भीती रास्त आहे, त्यासाठी परताव्याची सोय आहे. पण तिला मुदत असते, कपात होते आणि हेलपाटेही पडतात. म्हणून ड्राफ्ट दोन्हीकडून पक्का झाल्यावर, नोंदणीच्या एक-दोन दिवस आधी चलन भरावं.

अनघाताईंचा हिशोब साधा आहे. पुणे मनपा हद्दीत सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६२ लाखांवर ४,३४,०००. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर नाही, म्हणून ३०,०००. पानांच्या हाताळणीचं शुल्क वेगळं, त्याचंही वेगळं चलन निघतं. शासकीय मूल्यांकन ६२ लाखांपेक्षा जास्त निघालं तर शुल्क त्या मोठ्या आकड्यावर लागतं, हे वकिलांकडून बघून घ्या.

सोसायटीच्या एनओसीबद्दल काकांचं अर्धं खरं आहे. ती तुमची बँक मागते आणि घेणाऱ्याने थकबाकी नाही ना हे बघायलाच हवं. पण दस्त नोंदवायला ती अट नाही. तिच्यावाचून मी कितीतरी दस्त नोंदवलेत. निरोपात घालायची तर "बँकेसाठी" असं म्हणून घाला.

सदाशिव_पेठ_६५

माझ्या वेळी मागितली होती. असो, कार्यालयागणिक वेगळं असेल.

अनघा_कोथरूड

चलन शुक्रवारी भरतोय. काकूंच्या "सगळे मूळ कागद"च्या प्रश्नाचं काय करू? त्या खरंच घाबरल्यात.

दस्तवाला

त्यांचं घाबरणं अगदी बरोबर आहे आणि ते निरोपातच मिटवायला हवं. मूळ कागद तुमच्या वकिलांना ताडून बघायला हवे असतात. काकांनी पूर्वी घेतला तो नोंदलेला करारनामा, त्याची सूची दोन म्हणजे नोंदणीचा उतारा, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची ताजी पावती, वीजबिल. दस्ताला जोडायला यांच्या प्रती लागतात. पूर्ण पैसे मिळेपर्यंत मूळ कागद काकांकडेच राहायला हवेत. तुमचं कर्ज आहे, म्हणजे खरेदीखताच्या वेळी बँकेचा शेवटचा डीडी काकांच्या हातात पडताना ते कागद बँकेकडे जातील. तेव्हा निरोपात असं लिहा: "मूळ कागद फक्त दाखवायला आणायचे आहेत. दाखवून तुम्ही ते परत न्यायचे." एवढं एक वाक्य काकूंना रात्री झोप देईल.

पैशांचाही एक मुद्दा त्यांना आधी कळवा. किंमत ५० लाखांच्या वर आहे, त्यामुळे प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून तुम्हाला भरायचा आहे. १२ लाखांपैकी त्यांच्या खात्यात ११,८८,००० येणार आणि १२,००० त्यांच्या पॅनवर जमा होणार. हे आधी सांगितलं नाही की माणूस ऑफिसात बसून बँकेचा मेसेज बघतो आणि म्हणतो, बारा हजार कमी का? तिथे सहीची लेखणी खाली ठेवलेली मी पाहिली आहे. आणि आरटीजीएसचा क्रमांक दस्तात छापला जातो, म्हणून पैसे सोमवारी सकाळी पाठवायचे नाहीत. ड्राफ्ट छापायच्या आधी पाठवून क्रमांक वकिलांना द्यायचा.

नागपूरची_रेवती

साक्षीदारांबद्दल: मागच्या वर्षी भावाच्या नोंदणीला मी गेले होते, तेव्हा आधारवर अंगठे जुळले म्हणून आम्हाला बाहेरच बसवलं. तुम्ही विनाकारण दोन माणसांची रजा घालवताय. आधार असेल तर ओळखीचे साक्षीदार लागतच नाहीत.

दस्तवाला

रेवतीताई, सगळ्या पक्षकारांनी आधार पडताळणीला संमती दिली आणि सगळ्यांचं जुळलं, तर ओळख देणाऱ्यांवाचून काम होतं, हे खरं. पण यात "सगळ्यांचं जुळलं तर" हे महत्त्वाचं. ७८ वर्षांच्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनने दोनदा-तीनदा नाही म्हटलं की मग पक्षकाराला ओळखणारे दोघं समोर लागतातच. त्या वेळी माणसं शोधत फिरण्यापेक्षा आणलेली बरी. शिवाय दस्तावर साक्षीदार म्हणून सही करणारे दोघं वेगळ्या कामाचे, ते धरायलाच हवेत. व्यवहारात तेच दोघे दोन्ही ठिकाणी उभे राहतात.

साक्षीदारांना फार काही आणायला सांगू नका. मूळ ओळखपत्र, त्याची एक प्रत, बस. पॅन, फोटो, पत्त्याचा दाखला हे एजंट सरसकट सगळ्यांना सांगतात. मात्र शेजारचे काका विकणाऱ्यांना खरोखर ओळखतात ही तुमची जमेची बाजू. ऑफिसच्या दारातून पकडून आणलेला अनोळखी माणूस ओळखदार म्हणून उभा करू नये. उद्या वाद झाला तर त्याची साक्ष काय कामाची?

गोदाकाठ

मी नाशिकचाच. काका-काकूंना त्या दिवशी पहाटे निघून दहाला पुण्यात पोचायला सांगू नका हो. वाटेत चाकणला अडकले तर तास गेला. आदल्या दिवशी यायला सांगा. आणि एक विचारतो, दोघांपैकी एकाची तब्येत बिघडली तर पूर्ण तारीख जाते का?

दस्तवाला

जात नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लिहून देणाऱ्या सगळ्यांनी एकाच दिवशी हजर राहावं असं १९०८ च्या नोंदणी कायद्यात नाही. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो सादर करायचा असतो. सोमवारी हजर असणाऱ्यांची कबुली होते आणि राहिलेला मुदतीत नंतर येऊन कबुली देऊ शकतो. तोपर्यंत दस्त अपुरा म्हणून राहतो. अगदी अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर कारण दाखवून अर्ज केला की निबंधक घरी येऊन कबुली घेतात, त्याची वेगळी फी असते. पण तुमच्या बँकेला पूर्ण नोंदलेला दस्त हवा असणार, म्हणून शक्य तर दोघंही एकाच दिवशी.

काकांना आणखी एक आधीच सांगा. आत त्यांना तोंडी विचारतील: दस्त तुम्हीच लिहून दिला का, सही तुमची का, पैसे मिळाले का. म्हातारी माणसं त्या प्रश्नाने गोंधळतात, मुलाकडे बघायला लागतात. मुलाने मध्ये उत्तर दिलं की निबंधकांना शंका येते की हा माणूस स्वतःच्या मर्जीने आलाय का. "काका, तीन प्रश्न विचारतील, तुम्हीच उत्तर द्यायचं" एवढं फोनवर सांगितलेलं पुरतं. ऐकायचं यंत्र वापरत असतील तर ते घालून यायला सांगा.

निमा_दुबई

माझा प्रश्न थोडा वेगळा. माझ्या आईच्या फ्लॅटच्या विक्रीत मी सहमालक आहे आणि मी येऊ शकणार नाही. भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून पाठवलंय. भावाने निरोपात ते आणायचं एवढंच लिहिलंय. पुरे का?

दस्तवाला

निमाताई, पुरे नाही. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे त्यावर मुद्रांक शुल्क ठरवून भरून घ्यावं लागतं. नुसता दूतावासाचा शिक्का बघून निबंधक दस्त घेणार नाहीत. पाकिटावरची पोचल्याची तारीख जपून ठेवा, तीन महिने त्यावरूनच मोजतात. त्या दिवशी भावाने मूळ मुखत्यारपत्र, त्याची प्रत आणि तुम्ही हयात आहात व अधिकार रद्द केलेला नाही असं घोषणापत्र बरोबर ठेवावं. तुम्ही अनिवासी असाल तर टीडीएसचा हिशोबही वेगळा, १ टक्क्याचा नियम तुमच्या हिश्श्याला लागत नाही. ते सीएकडून आधी ठरवून घ्या.

अनघा_कोथरूड

सगळ्यांचे आभार. एक निरोप सगळ्यांना न पाठवता तीन वेगळे लिहिलेत. बघा कसे वाटतात.

काका-काकूंना:

"नमस्कार काका-काकू. सोमवारी आपल्या साठेखताची नोंदणी आहे. तुम्ही रविवारी संध्याकाळी पुण्यात या, सोमवारी सकाळी ९.१५ ला गाडी तुम्हाला घ्यायला येईल. १० वाजता दुय्यम निबंधक, हवेली क्र. __ , __ इमारत, दुसरा मजला, लिफ्ट आहे. आत जायची वेळ ११.३०. दुपारी अडीचपर्यंत वेळ लागू शकतो, गोळ्या आणि डबा बरोबर ठेवा. आणायचं: दोघांचं मूळ आधार आणि मूळ पॅन, दोघांचे दोन-दोन फोटो. फ्लॅटचा जुना करारनामा, सूची दोन, शेअर सर्टिफिकेट, कर पावती, वीजबिल. हे मूळ कागद फक्त दाखवायचे आहेत, दाखवून तुम्हीच परत न्यायचे. १२ लाखांपैकी ११,८८,००० शनिवारी तुमच्या खात्यात येतील, १२,००० टीडीएस म्हणून तुमच्या पॅनवर जमा होतील. अडचण आली तर थेट मला फोन करा."

मैत्रीण आणि शेजारचे काका:

"सोमवारी ११ वाजता हवेली क्र. __ , __ इमारत, दुसरा मजला. फक्त मूळ आधार किंवा दुसरं मूळ ओळखपत्र आणि त्याची एक प्रत. दुसरं काहीच नको. दोन वाजेपर्यंत वेळ मोकळा ठेवाल का? जमणार नसेल तर शनिवारीच सांगा, म्हणजे दुसरी सोय करता येईल."

आमच्यासाठी: चलनांच्या प्रिंट, आरटीजीएसची पावती, ई-स्टेप-इनची पावती, मूळ आधार-पॅन, फोटो.

नागपूरची_रेवती

छान लिहिलंय. साक्षीदारांना विचारण्याचा सूर आहे ते विशेष आवडलं. पण मूळ आधारचा एवढा आग्रह कशाला, डिजिलॉकरमधून दाखवता येतं की.

दस्तवाला

रेवतीताई, काही ठिकाणी चालवून घेतात, काही ठिकाणी नाही, आणि आत नेटवर्क मिळेलच असं नाही. कार्ड खिशात असलेलं बरं.

अनघाताई, निरोप पाठवण्याजोगे झालेत. दोन गोष्टी घाला. ज्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय त्यांचा अंगठा जुळणारच नाही, मशीन नुसतं नाही म्हणतं आणि कारण कुणालाच कळत नाही. हल्ली मुलं आईवडिलांच्या आधारला सुरक्षेसाठी लॉक लावून देतात आणि विसरतात. सोमवारी अंगठा द्यायच्या जरा आधी उघडायला सांगा, तात्पुरतं उघडलेलं लॉक थोड्या वेळात पुन्हा लागतं. आणि आधारला जोडलेला फोन बरोबर हवा. काकांचा नंबर मुलाच्या फोनवर असेल तर मुलाला त्या वेळी फोनजवळ राहायला सांगा.

आधार-पॅनचे फोटो मात्र ग्रुपवर मागू नका. वकिलांना ज्याने त्याने स्वतंत्र पाठवावेत. आणि डेटा एंट्री झाल्यावर वकील नावांचा मसुदा पाठवतील, तो चौघांनी आपापलं कार्ड समोर धरून अक्षर न् अक्षर वाचायचा. वडिलांचं नाव, आडनाव, स्पेलिंग. सूची दोनमध्ये जे छापलं जाईल ते नंतर बदलायला चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो.

गोदाकाठ

अनघा, तुझं स्वतःचं पॅन कोणत्या नावाने आहे? आमच्या घरी बायकोचं आधार लग्नानंतरच्या नावाने आणि पॅन माहेरच्या नावाने निघालं होतं, ऐन आदल्या रात्री कळलं.

अनघा_कोथरूड

आत्ताच काढून बघितलं. पॅनवर माहेरचं आडनाव आहे. चलन उद्या भरायचंय, त्यावर कोणतं नाव घालू?

दस्तवाला

आज रात्रीच वकिलांना फोन करा, उद्या चलन भरण्याआधी. बहुतेक जण दस्तात आधारवरचं नाव घेऊन पुढे "पूर्वीचे नाव" असं दोन्ही लिहितात आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडतात. चलनावर मात्र दस्तात जे मुख्य नाव असेल तेच घाला. तुमच्या कार्यालयाला एवढं चालेल की राजपत्राची प्रत मागतील, हे वकिलांनी तिथे विचारूनच ठरवावं. सोमवारच्या आधी शुक्रवार हाच एक कामाचा दिवस उरलाय.

अनघा_कोथरूड

फोन लावते. विवाह नोंदणीचा दाखला आमच्या यादीत घातला.